शेंगा चटणी सुपरमार्केटात: ‘विकेल तसे पैसे’ घ्यावेत की रॅकचं भाडं द्यावं?

स्वाती_जुळेसोलापूर
आमच्या बचत गटाची शेंगा चटणी आहे. २०० ग्रॅमचा पाऊच, एमआरपी १०० रुपये, टिकाऊपणा ९० दिवस. एफएसएसएआय नंबर आहे, जीएसटी नोंदणी आहे, उद्यम नोंदणीही आहे. शेंगदाण्यापासून दुकानात पोचवण्यापर्यंतचा सगळा खर्च धरून एक पाऊच ५० रुपयांना पडतो.

शहरात चार शाखा असलेल्या एका सुपरमार्केटने दोन पर्याय समोर ठेवले आहेत.

पहिला: माल ठेवून जा, विकेल तेवढ्याचे पैसे महिनाअखेरच्या रिपोर्टनंतर २० दिवसांत. मार्जिन ३० टक्के. न विकलेला माल परत. रॅकचं भाडं नाही.

दुसरा: माल ते विकत घेणार, पैसे ३० दिवसांनी, मार्जिन २२ टक्के. पण डोळ्यासमोरच्या फळीसाठी दर शाखेला महिन्याला १००० रुपये, वर जीएसटी. मुदत संपलेला माल याही पर्यायात परत.

गटात दोन मतं आहेत. निम्म्या जणींना दुसरा पर्याय हवा, कारण ‘विकत घेतला’ म्हणजे डोक्याचा ताप गेला असं त्यांना वाटतं. जाणकारांनी सांगावं.

पेठेतला_प्रसाद
डोळे झाकून दुसरा घ्या. ८ टक्के मार्जिन वाचतंय, म्हणजे पाऊचमागे ८ रुपये. आणि आधी जीएस-वन या संस्थेचा ८९० ने सुरू होणारा बारकोड काढा, तो कायद्याने सक्तीचा आहे. त्याशिवाय कुठलंच सुपरमार्केट माल आत घेऊ शकत नाही.

नवी_पेठ_निखिल
धाग्याचं नाव वाचूनच भाकरी आठवली. वाचतोय.

हिशोबनीस
स्वातीताई, आधी पाऊचमागे हातात काय उरतं ते बघू, मग मत देतो. दुकान मार्जिन एमआरपीवर धरतं आणि एमआरपीत कर आलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडे आधी ५ टक्के जीएसटी बाहेर काढावा लागतो.

पहिल्या पर्यायात दुकान तुम्हाला ७० रुपये देणार. त्यातला कर वजा केला की ६६ रुपये ६७ पैसे. खर्च ५० वजा केला की पाऊचमागे १६.६७ उरले.

दुसऱ्यात ७८ रुपये. कर काढून ७४.२९, खर्च काढून २४.२९.

म्हणजे फरक प्रसाद म्हणतात तसा ८ नाही, ७ रुपये ६२ पैसे. आता चार शाखांचं भाडं ४००० रुपये. त्यावरचा जीएसटी तुम्हाला क्रेडिट म्हणून भरायच्या करातून वजा करून मिळेल, म्हणून तो सोडून देऊ. ४००० ला ७.६२ ने भागलं की ५२५ येतात. चार शाखांत मिळून महिन्याला ५२५ पाऊच गेले तर दुसरा पर्याय पहिल्याच्या बरोबरीला येतो. शाखेला १३१, म्हणजे रोज चार-पाच पाऊच. नव्या, जाहिरात नसलेल्या चटणीसाठी हा आकडा पहिल्या महिन्यापासून धरणं मला धाडसाचं वाटतं.

शिवाय भाडं विक्रीला विचारत नाही. महिन्याला १६५ पाऊचच्या खाली विक्री राहिली तर दुसऱ्या पर्यायात भाडंसुद्धा निघत नाही, सगळा नफा जाऊन वर खिशातून घालावे लागतात.

एजन्सी_मंगळवारपेठ
हिशोब बरोबर आहे, पण कागदावरचा आहे. पहिल्या पर्यायात १६.६७ तेव्हाच, जेव्हा ठेवलेला प्रत्येक पाऊच एकतर विकलेला दिसतो किंवा धडधाकट परत येतो. तसं कधीच होत नाही. काही फुटतात, काही चोरीला जातात, काहींची मुदत संपते. आणि माल तुमचा असल्यामुळे ते सगळं तुमच्या अंगावर. हा खड्डा धरून मग तुलना करा.

गंगाअक्का
आमची कडक भाकरी हाय की ओ. ज्वारीची अन् बाजरीची. पुण्याला पाठवायची तर कुरिअरमध्ये चुरा होतोय. त्याला काय करावं? पाऊचमध्ये भरू की डब्यात?

पॅकिंगवाला_चिंचोळी
गंगाअक्का, धागा दुकानात माल ठेवण्याबद्दल आहे, तरी थोडक्यात सांगतो. भाकरी उभी भरा, आडव्या थप्पीत वरच्या भाकरीचं वजन खालच्यांवर येतं. पन्हाळीदार खोका घ्या आणि चारही बाजूंना कागदाचा बोळा इतका भरा की खोका हलवला तर आवाज येऊ नये. सविस्तर वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

गंगाअक्का
बरं बरं. काढते.

खरेदीविभाग
सुपरमार्केटच्या बाजूने थोडं लिहितो, कारण या दोन पर्यायांमागे दुकानाचा विचार काय असतो ते कळलं तर बोलणी सोपी होतात.

चटणीच्या रॅकवर एका फळीची जागा ठरलेली असते. नवा माल लावायचा म्हणजे तिथला कुठला तरी जुना माल हलवायचा. जुना माल महिन्याला किती नफा देत होता हे संगणकावर दिसतं, नवा किती देईल हे कुणालाच माहीत नसतं. ती जोखीम कोणी घ्यायची, एवढाच प्रश्न आहे. पहिल्या पर्यायात दुकान जास्त मार्जिन आणि शून्य गुंतवणूक घेऊन जोखीम तुमच्याकडे सरकवतं. दुसऱ्यात भाडं घेऊन सरकवतं. ‘विकत घेतला’ या शब्दाने गटातल्या ताईंना वाटतं तशी सुटका होत नाही, कारण मुदत संपलेला माल तिथेही परतच येणार आहे.

@प्रसाद, बारकोडचं थोडं दुरुस्त करतो. ८९० चा नंबर कायद्याने सक्तीचा नाही. चार शाखांचं स्थानिक दुकान स्वतःच्या संगणकातून २ ने सुरू होणारा अंतर्गत बारकोड छापून चिकटवू शकतं आणि बरीच दुकानं तसंच करतात. मोठ्या साखळ्या आणि दहा मिनिटांत घरपोच देणारे ॲप मात्र स्वतःचा नंबर असल्याशिवाय मालाची नोंदच करत नाहीत, म्हणून पुढे जायचं असेल तर घ्यावा लागतो.

पेठेतला_प्रसाद
मान्य. पण अंतर्गत बारकोड चालत असेल तर ८९० वर खर्च कशाला?

खरेदीविभाग
कारण विकेल तसे पैसे घेताना तुमचं बिल बारकोडवर अवलंबून असतं. अंतर्गत स्टिकर कधी उशिरा लागतो, कधी गळून पडतो. रांग लांब असली की कॅशिअर स्टिकर शोधत बसत नाही, पडद्यावरच्या यादीतून ‘चटणी सुटी’ किंवा शेजारच्या ब्रँडचं बटण दाबतो. ग्राहकाने पैसे दिले, दुकानाला मिळाले, पण रिपोर्टमध्ये तुमच्या मालाची विक्री शून्य. छापील बारकोड असला की हे फार कमी होतं. १०० आणि २०० ग्रॅमला वेगवेगळा नंबर ठेवा. दोघांना एकच दिलात तर मोठा पाऊच लहानाच्या भावात बिलात जातो.

ओळखायची खूण सांगतो. फळी रिकामी होतेय, पण रिपोर्टमध्ये विक्री थंड आहे, तर आधी चोरीचा संशय घेऊ नका. स्वतः एक पाऊच विकत घ्या आणि पावतीवर काय नाव येतं ते वाचा. चारही शाखांत हे पहिल्याच आठवड्यात करायचं.

नवी_पेठ_निखिल
ही पावतीची युक्ती झकास आहे. चटणीपण घरी येते.

स्वाती_जुळेसोलापूर
खूप उपयोगी. @एजन्सी, तुम्ही म्हणता तो खड्डा किती धरायचा? आणि माल गहाळ झालाय हे आम्हाला कळणार कसं? दुकान रिपोर्ट देईल तो खरा मानायचा का?

एजन्सी_मंगळवारपेठ
दर आठवड्याला ठरलेल्या वारी तुमचा माणूस जाऊन मोजणी करेल, ही अट पहिल्या दिवशी लिहून घ्या. रॅकवरचे आणि मागच्या गोडाऊनमधले, दोन्ही मोजायचे. गोडाऊन विसरलं की हिशोब कधीच जुळत नाही.

समजा एका शाखेत आठवड्याच्या सुरुवातीला ३६ पाऊच होते. मध्ये २४ दिले, २ गळके म्हणून परत आणले. म्हणजे दुकानाच्या ताब्यात ५८. मोजले तर रॅकवर १४ आणि गोडाऊनमध्ये ५, एकूण १९. तर ३९ विकले गेले असले पाहिजेत. दुकानाचा रिपोर्ट ३५ म्हणतो. हे ४ कुठे गेले, हा प्रश्न त्याच दिवशी, त्याच मॅनेजरसमोर, दोघांच्या सहीच्या कागदावर यायला हवा. महिनाअखेरीला विचारलं तर कुणालाच काही आठवत नाही.

गहाळ मालाचं प्रमाण किती, ते दुकानागणिक बदलतं. माझं मत असं की ठेवलेल्या मालाच्या १ टक्क्यापर्यंत तूट पुरवठादाराची आणि त्यावरची दुकानाची, अशी अट घालावी.

खरेदीविभाग
१ टक्क्याची अट मोठी दुकानं मान्य करणार नाहीत. त्यांचं म्हणणं, माल तुमचा आहे तर तूटही तुमची.

एजन्सी_मंगळवारपेठ
माल माझा, पण कुलूप, कॅमेरा, दरवाजावरचा माणूस सगळं त्यांचं. ताबा ज्याचा त्याने तूट भरावी. स्थानिक चार शाखांचा मालक हे ऐकतो, मोठी साखळी ऐकत नाही, एवढं खरं.

हिशोबनीस
या वादात मी पडत नाही, पण कागद कोणता द्यायचा हे सांगतो, कारण विकेल तसे पैसे घेणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

दुकान म्हणतं, माल आत घ्यायला आमच्या संगणकाला टॅक्स इन्व्हॉइस लागतो. तुम्ही इन्व्हॉइस देता. झालं, विक्री होण्याआधीच तुमच्या जीएसटी रिटर्नमध्ये तो माल विकलेला दिसतो आणि पुढच्या महिन्यात त्यावरचा कर तुम्ही स्वतःच्या खिशातून भरता. दुकान मात्र विकल्यावरच पैसे देणार. माल परत आला की क्रेडिट नोट काढायची, ती दुकानाने स्वीकारायची, त्यांचं क्रेडिट उलटवायचं. छोट्या गटाला हे महिनोन् महिने करणं जड जातं.

बरोबर पद्धत अशी. ‘पसंतीवर, विक्री किंवा परत’ अशा अटीने माल डिलिव्हरी चलनावर पाठवायचा. महिनाअखेरीला विक्रीचा रिपोर्ट आला की तेवढ्याच पाऊचचा टॅक्स इन्व्हॉइस काढायचा. जीएसटी कायद्याच्या कलम ३१(७) प्रमाणे विक्री झाली तेव्हा किंवा माल निघाल्यापासून सहा महिने, यातलं जे आधी असेल तेव्हा इन्व्हॉइस लागतो. तुमची चटणी ९० दिवसांची, त्यामुळे सहा महिन्यांची मर्यादा तुम्हाला लागू पडायची वेळच येत नाही. तिखट-मसाल्यासारख्या वर्षभर टिकणाऱ्या मालाला ती लागते.

एक शब्द सांभाळा. करारात दुकानाला तुमचा ‘एजंट’ म्हणू नका. मालक आपल्या एजंटकडे माल पाठवतो तेव्हा कायद्यात तो पाठवतानाच पुरवठा धरला जाऊ शकतो आणि चलनाचा सगळा फायदा जातो. करार सही करण्याआधी तुमच्या सीएंना हे कलम दाखवा.

पेठेतला_प्रसाद
मग जीएसटी नोंदणीच नसेल तर ही भानगडच नाही ना? मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही.

हिशोबनीस
४० लाखांचं बरोबर आहे, राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यासाठी. पण त्याची किंमत दुकान वसूल करतं. दुकानाला १०० च्या एमआरपीतून ४.७६ कर सरकारला द्यायचाच आहे. तुम्ही नोंदणीकृत असाल तर तुमच्या बिलातला कर त्यातून वजा होतो. नसाल तर वजा करायला काहीच नाही, म्हणून दुकान तेवढा भाव पाडून मागतं. ७८ च्या जागी ७४.२९ मागतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. वर तुम्हाला पाऊच, खोकी, रॅकभाडं यांवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. हजार रुपये भाड्यावर १८० रुपये गेले ते गेलेच. कोपऱ्यावरच्या किराण्याला नोंदणीविना माल देणं ठीक, साखळीला देताना फायदा दिसतो तेवढा नसतो.

पॅकिंगवाला_चिंचोळी
सगळे पैशांवर बोलत आहेत, पण ९० दिवसांचं काय? शेंगा चटणीचा परत येणारा माल बहुतांशी तेलामुळे येतो, त्यावर लिहितो.

कुटलेल्या चटणीला तेल सुटतंच, त्यात तिची चव आहे. पाऊच भरताना चटणीची बारीक पूड आणि तेल तोंडाच्या आतल्या बाजूला लागतं. त्यावर सील मारलं की दिसायला पक्कं दिसतं, पण पूड अडकलेल्या जागी बारीक वाट राहते. दुकानात वर दुसरा खोका ठेवला, दाब आला, की तिथून तेल बाहेर येतं. एका गळक्या पाऊचने शेजारचे चार पाऊच आणि फळीवरची भावाची पट्टी तेलकट होते. ग्राहक तेलकट पाऊच उचलत नाही आणि दुकान पाचही परत पाठवतं.

उपाय साधा आहे. भरायला लांब नळीचं नरसाळं वापरा म्हणजे तोंड कोरडं राहतं. सील करण्याआधी आतली कड कोरड्या फडक्याने पुसा. सीलची पट्टी किमान ८ ते १० मिलिमीटर रुंद ठेवा. प्रत्येक घाण्यातले पाच पाऊच पांढऱ्या कागदावर उपडे ठेवून वर दोन किलोचं वजन ठेवा आणि सकाळी कागद बघा. तेलाचा डाग दिसला तर तो घाणा पुन्हा सील करा, दुकानात पाठवू नका.

दुसरं, पारदर्शक पाऊच टाळा. चटणीचा रंग दिसावा म्हणून लोक तो घेतात, पण उजेड आणि उष्णतेने शेंगदाण्याचं तेल लवकर खवट होतं. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये काचेच्या दर्शनी भागाजवळ ठेवलेला माल ९० दिवस टिकेल अशी आशा धरू नका. आतून चंदेरी थर असलेला पाऊच घ्या, फार तर बोटभर रुंदीची खिडकी ठेवा. आणि ९० दिवस हा आकडा हिवाळ्यातल्या मालावरून ठरवला असेल तर उन्हाळ्यात पुन्हा तपासा.

खरेदीविभाग
याला पूर्ण दुजोरा. जोडून सांगतो. बहुतेक सुपरमार्केट माल घेताना त्याची दोन तृतीयांश मुदत शिल्लक मागतात. म्हणजे ९० दिवसांची चटणी तुम्हाला बनवल्यापासून ३० दिवसांच्या आत दुकानात पोचवायला हवी. मुदत संपायला १५ दिवस उरले की ती रॅकवरून काढतात. रॅकवर विकायला हातात खरे ४५ दिवस मिळाले, असं धरून माल पाठवा. एकदम मोठा साठा देण्याचा मोह इथेच महाग पडतो.

आणि रॅक भरणारा मुलगा घाईत नवा माल पुढे लावतो, जुना मागे ढकलला जातो. तुमचा मोजणीचा माणूस जाईल तेव्हा त्याने जुना पुढे आणायचा. कुठलंही दुकान याला नाही म्हणत नाही, त्यांचं काम हलकं होतं.

माल आत घेतानाच परत पाठवण्याचं दुसरं कारण म्हणजे लेबल. सर्व करांसह एमआरपी, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन हे बहुतेक जण छापतात. एका ग्रॅमचा भाव विसरतात. तुमच्या पाऊचवर ५० पैसे प्रति ग्रॅम असं यायला हवं. वजनमाप निरीक्षक दुकानात येतो, तेव्हा चूक लेबलाची असली तरी माल दुकानात सापडलेला असतो, म्हणून दुकानवाले याबाबत कडक असतात.

एजन्सी_मंगळवारपेठ
स्वातीताईंनी विचारलं नाही, पण तिसरा रस्ता आहे. थेट न जाता एजन्सीमार्फत जा. ८ ते १० टक्के एजन्सीला द्या, मोजणी, बदली माल, वसुली सगळं ती बघते.

हिशोबनीस
चार शाखांसाठी ते परवडत नाही. ३० टक्के दुकानाचे आणि ८ एजन्सीचे म्हटलं तर हातात ६२ येतात, कर काढून ५९.०५. पाऊचमागे ९ रुपये उरतात. वीस-पंचवीस दुकानं झाली आणि गटातल्या कुणाला फिरणं जमेना, तेव्हा एजन्सीचा विचार करावा.

एजन्सी_मंगळवारपेठ
फिरणाऱ्या माणसाचं पेट्रोल आणि दिवसभराचा वेळ तुमच्या ५० रुपयांत धरलाय का, ते आधी बघा. बहुतेक गट तो धरत नाहीत.

स्वाती_जुळेसोलापूर
@एजन्सी, खरं आहे, पोचवण्याचा रिक्षाचा खर्च धरलाय, मोजणीचा नाही. तो आता धरावा लागेल.

एक विचारते. पहिल्या पर्यायात आमचे किती पैसे अडकून राहतील? गटाचं भांडवल फार नाही.

हिशोबनीस
हा प्रश्न आधीच यायला हवा होता. समजा प्रत्येक शाखेत ३६ पाऊच रॅकला हवेत, म्हणजे १४४. महिन्याला ३०० विकतात असं धरू. रिपोर्ट महिनाअखेरीला आणि पैसे त्यानंतर २० दिवसांनी. म्हणजे पैसे मिळण्याच्या आदल्या दिवशी मागच्या महिन्याचे ३००, चालू महिन्याच्या २० दिवसांचे २०० आणि रॅकवरचे १४४, मिळून ६४४ पाऊचचा खर्च तुमच्याकडून गेलेला असतो. ५० प्रमाणे ३२,२०० रुपये. एवढे पैसे कायम बाहेर राहतील असं धरूनच सुरू करा. जमत नसेल तर दोन शाखांपासून सुरुवात करा, किंवा रिपोर्ट महिन्याऐवजी पंधरवड्याला मागा. स्थानिक दुकानात पंधरवड्याचा रिपोर्ट सहज मिळतो.

पेठेतला_प्रसाद
उद्यम नोंदणी आहे ना ताईंची, मग ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर व्याज. ही भीती घालायची.

हिशोबनीस
अर्ध बरोबर. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर दुकानाला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही, म्हणून मार्चमध्ये दुकानांचे अकाउंटंट स्वतःहून उद्यम नंबर विचारतात.

पण हे घड्याळ माल स्वीकारल्यापासून चालू होतं. विकेल तसे पैसे असतील तर न विकलेला माल दुकानाने स्वीकारलेलाच नाही, असा त्यांचा युक्तिवाद उभा राहतो. म्हणून करारात लिहून घ्या की महिनाअखेरीच्या रिपोर्टमध्ये विकलेला दाखवलेला माल त्या तारखेला स्वीकारला असं मानलं जाईल. दुसऱ्या पर्यायात हा प्रश्न नाही, माल मिळाल्याची दुकानाची नोंद म्हणजे जीआरएन, त्याची तारीख पुरते. उद्यम नंबर मात्र दोन्हीकडे इन्व्हॉइसवर छापा.

आणि भीती घालायचा उपाय शेवटचा. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, पण तक्रारीनंतर त्या दुकानात तुमचा माल राहत नाही हे गृहीत धरा.

खरेदीविभाग
मूळ प्रश्नाकडे येतो. या दोन पर्यायांतला एकच निवडायचा असं दुकानाने म्हटलेलं नसतं, ती फक्त बोलणीची सुरुवात असते. मी त्यांच्या जागी असतो तर हे मान्य केलं असतं: पहिले तीन महिने विकेल तसे पैसे, ३० ऐवजी २७ टक्के मार्जिन, रिपोर्ट पंधरवड्याला. तीन महिन्यांनी ज्या शाखेत रोज पाच पाऊच सातत्याने जातात, तिथे माल विकत घेणं आणि भाड्याची फळी. बाकी शाखांत आहे तसंच. जुळे सोलापूरची शाखा आणि पूर्व भागातली शाखा यांची विक्री सारखी कधीच नसते, मग भाडं चारही ठिकाणी का भरायचं?

भाड्याऐवजी एकदाच माल फुकट देणं हाही प्रकार चालतो. शाखेला २४ पाऊचचा एक खोका, म्हणजे चार शाखांत ९६ पाऊच, तुमच्या खर्चाने ४८०० रुपये. दर महिन्याच्या ४००० पेक्षा एकदाचे ४८०० कधीही बरे. फक्त फुकट दिलेल्या मालावर किती दिवस फळी मिळणार, ते लिहून घ्या. सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर घेऊ नका.

फळी कोणती यावरही बोला. लोणच्या-चटण्यांच्या रॅकवर डोळ्यासमोर जागा महाग असते. कडक भाकरीच्या टोपलीशेजारी खुंटीवर लटकवायला पाऊचला वरती भोक असेल तर ती जागा बऱ्याचदा फुकट मिळते, आणि सोलापुरात भाकरी घेणारा चटणी घेतोच.

गंगाअक्का
ते खरं हाय. भाकरीसंगं चटणी लागतीच. स्वाती, आमची भाकरी अन् तुमची चटणी एकाच ठिकाणी ठेवू की. मी पण विचारते त्या दुकानात.

पॅकिंगवाला_चिंचोळी
लटकवायचं भोक सीलच्या वरच्या कोऱ्या पट्टीत पाडा, सीलमध्ये नाही. आणि २०० ग्रॅम वजन त्या भोकावर महिनाभर लटकणार आहे, पातळ पाऊच तिथे फाटतो. पाडण्याआधी त्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावा.

एजन्सी_मंगळवारपेठ
२७ टक्के, पंधरवडा रिपोर्ट, तीन महिने, हे मलाही पटतं. फक्त तूट १ टक्क्यावर दुकानाची, हे कलम सोडू नका.

खरेदीविभाग
ते कलम लावून धरलंत तर बोलणी तिथेच अडकतील. त्याऐवजी आठवड्याच्या मोजणीवर दोघांची सही, एवढंच घ्या.

एजन्सी_मंगळवारपेठ
सहीने तूट कळते, भरली जात नाही.

स्वाती_जुळेसोलापूर
सगळ्यांचे आभार. २७ टक्क्यांना पाऊचमागे १९.५२ उरतात, तो हिशोब गटात मांडला. आठवड्याची मोजणी आमच्यातली एकजण करणार, तिला त्या दिवसाची मजुरी आणि पेट्रोल द्यायचं ठरलं, आणि ते धरूनच खर्चाचा आकडा पुन्हा काढतोय. सुरुवात दोन शाखांपासून. मालकाला भेटायला सोमवारी जातोय. चलनाचा नमुना कुणाकडे असेल तर टाकता का?

हिशोबनीस
नमुना लागत नाही, आठ गोष्टी असल्या की झालं. तारीख आणि क्रमांक, तुमचं नाव-पत्ता-जीएसटी नंबर, दुकानाचं तेच, मालाचा एचएसएन कोड आणि वर्णन, पाऊचची संख्या, किंमत, कराचा दर आणि रक्कम, तुमची सही. तीन प्रती काढा: मूळ दुकानाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी तुमच्याकडे. वर ठळक लिहा, ‘पसंतीवर पाठवलेला माल, विक्री नाही’. आणि घाण्याचा नंबर व मुदतीची तारीख प्रत्येक ओळीत घाला. कायद्याला ती लागत नाही, पण परत आलेला माल कोणत्या खेपेचा ते तुम्हाला त्यावरूनच कळेल.